ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर: खालच्या फ्रिक्वेन्सीचा खर्च नेमका कुठे पडतो?

बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा टी. सी. कॉलेजात शिकत असाल, नाहीतर इंदापूरजवळ वनगळीला, कॉमन एमिटर अॅम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल तुमच्यापुढे येणारच. गेन मोजून होतो. अडतं ते ‘लोअर कटऑफ किती आणि का’ या प्रश्नावर. जर्नलमधलं उत्तर दीड-दोन हर्ट्झ आणि सीआरओवरचं ऐंशी, असा घोळ झाला तर आकडे फिरवू नका. चूक बहुधा एकाच ठिकाणी असते. ती पुढे दाखवली आहे.

आधी सामान. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर एक, रेझिस्टर पाच (४७ किलोओम, १० किलोओम, ३.३ किलोओम, १ किलोओम आणि लोड म्हणून आणखी एक १० किलोओम), १० मायक्रोफॅरडचे दोन आणि १०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. सुटे भाग साधारण तीस-चाळीस रुपयांत होतात. ब्रेडबोर्ड नसेल तर शंभरेक रुपये वेगळे. एवढ्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊ नका, एसटीचं भाडंच सामानाच्या वर जाईल. चार-पाच जणांची यादी एकत्र करा आणि कोणी पुण्याला जाणार असेल त्याच्याकडे द्या. ऑनलाइन मागवलंत तरी डिलिव्हरीचा आकार असतोच, तोही वाटून घ्या. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात नुसता ‘कंडेन्सर’ मागितलात तर पंखा किंवा पंपाचा पुढे येईल. मायक्रोफॅरड आणि व्होल्ट दोन्ही सांगा. १२ व्होल्टच्या सर्किटला २५ व्होल्टचा कपॅसिटर घ्या. ६३ व्होल्टचा घेऊन फायदा काही नाही, जागा मात्र जास्त जाते.

आता हिशेब. वही उघडा, आधी डीसी. सप्लाय १२ व्होल्ट. ४७ आणि १० किलोओमच्या विभाजकातून बेसवर साधारण २.१ व्होल्ट, एमिटरवर १.४. एमिटर रेझिस्टर १ किलोओम, म्हणजे करंट १.४ मिलिअँपिअर. २६ मिलिव्होल्टला या करंटने भागा: १८.६ ओम. हा एमिटरचा आतला रोध. पुढचं सगळं याच आकड्यावर उभं आहे, म्हणून तो चौकटीत लिहून ठेवा.

पद्धत सोपी आहे. एका वेळी एकच कपॅसिटर घ्यायचा, बाकीचे दोन शॉर्ट धरायचे, सिग्नल सोर्स शून्य करायचा आणि त्या कपॅसिटरच्या दोन टोकांतून किती रोध दिसतो ते काढायचं. मग

f = 1/(2πRC)

इनपुट कपॅसिटर: सोर्सचे ६०० ओम अधिक अॅम्प्लिफायरचा इनपुट रोध. बीटा २०० धरला तर तो साधारण २.५६ किलोओम. एकूण ३.१६ किलोओम आणि १० मायक्रोफॅरड: ५ हर्ट्झ. आउटपुट कपॅसिटर: कलेक्टरचे ३.३ आणि लोडचे १० किलोओम, एकूण १३.३: १.२ हर्ट्झ. इथे फार थांबू नका.

थांबायचं ते एमिटर कपॅसिटरपाशी. त्याच्या समांतर १ किलोओम दिसतो, म्हणून बरेच जण तोच सूत्रात घालतात आणि १.६ हर्ट्झ काढून मोकळे होतात. पण त्या कपॅसिटरला एमिटरमधून ट्रान्झिस्टरच्या आत जाणारी वाटही दिसते: १८.६ ओम, अधिक बेसकडचा रोध भागिले बीटा अधिक एक. बेसकडे ६०० ओम आणि विभाजक समांतर, म्हणजे ५६० ओमच्या आसपास. २०१ ने भागून २.८. मिळून २१.४ ओम. त्याला १ किलोओम समांतर धरा, उरतात २१. १०० मायक्रोफॅरडबरोबर येतात ७६ हर्ट्झ. तिन्हींची बेरीज ८२. सीआरओवर दिसतात ते हेच ऐंशी. १.६ हर्ट्झ खोटे नाहीत, पण त्या फ्रिक्वेन्सीला गेनची घसरण संपते. सुरू होते ती ७६ ला.

बीटाची काळजी करू नका. ४०० निघाला तरी ७६ चे ८१ होतात. कपॅसिटरच्या टॉलरन्सची मात्र करा. इलेक्ट्रोलिटिक वीस टक्के इकडेतिकडे असतो, म्हणजे ७६ ऐवजी ६३ ते ९५ यांतलं काहीही येऊ शकतं. जर्नलमध्ये ‘८२.४’ लिहिण्यात अर्थ नाही, ‘साधारण ८०’ लिहा.

मोजायला अर्धा तास पुरतो. जनरेटरचा आउटपुट रोध ५० ओम असेल तर सिरीजमध्ये ५६० ओम लावा, नाहीतर सोर्स ६०० ओमचा राहणार नाही. इनपुट १० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक ठेवा. जास्त दिलात तर साइन वेव्ह वाकडी होते आणि मोजलेलं फुकट जातं. ५ किलोहर्ट्झला आउटपुट साधारण १.१ व्होल्ट दिसेल. फ्रिक्वेन्सी खाली आणत ते ०.७७ व्होल्टवर आलं की थांबा. सीआरओचं कपलिंग डीसीवर ठेवा. एसीवर ठेवलंत तर सीआरओचा स्वतःचा कपॅसिटर काही हर्ट्झच्या आसपास मध्ये येतो. ८० ला फरक जाणवणार नाही, २० ला जाणवेल.

उत्तर १५० च्या पुढे आलं तर जुन्या बोर्डावरून काढलेला, सुकलेला कपॅसिटर लावला आहे का बघा. नवा १०० मायक्रोफॅरड त्याला समांतर लावा. पहिला धड असेल तर कटऑफ ४५ च्या आसपास येईल. ८० च्या जवळच थांबला तर पहिला जवळपास निकामी आहे. ध्रुवताही तपासा: इनपुट कपॅसिटरचं धन टोक बेसकडे, आउटपुटचं कलेक्टरकडे, एमिटरचं एमिटरकडे.

प्रोजेक्टला २० हर्ट्झ हवे असतील तर दोन वाटा. पहिली पैशाची: एमिटरला ४७० आणि इनपुटला २२ मायक्रोफॅरड. १६.२, २.३ आणि १.२, बेरीज १९.७. खर्च पाच-दहा रुपये जास्त. दुसरी शॉर्टकटची, आणि तिच्यात छुपा आकार आहे. एमिटर रेझिस्टरचे १०० आणि ९१० ओम असे दोन भाग करून कपॅसिटर फक्त ९१० ला लावायचा. कपॅसिटर तोच १०० चा, कटऑफ साडेअठराच्या आसपास. पण बेसपासून मोजलेला गेन १३३ वरून २१ वर येतो. माईकसाठी गेन हवा असेल तर हा सौदा महाग. आवाज स्वच्छ हवा असेल तर घ्या, विकृतीही कमी होते.

तिन्ही कपॅसिटर ‘समान वाटणी’ म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीला बसवू नका. प्रत्येकी २० ठेवलेत तर बेरीज ६० सांगते आणि प्रत्यक्षात येतात ४० च्या जवळपास. बेरजेचा अंदाज एकच कपॅसिटर वरचढ असेल तेव्हाच जवळचा असतो. तो मान एमिटरच्या कपॅसिटरला द्या, कारण त्यालाच सर्वांत कमी रोध दिसतो आणि त्याचाच मायक्रोफॅरड महाग पडतो. उरलेले दोघे त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा खाली ठेवा.

प्रॅक्टिकलला जाताना आकड्यांसह सर्किटची आकृती, डीसीची तीन मोजमापं आणि तिन्ही फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या लिहिलेलं पान बरोबर ठेवा. तोंडी परीक्षेत ‘एमिटर कपॅसिटर दुप्पट केला तर?’ असं विचारलं तर बेरीज ४४ सांगा. ‘इनपुटचा दुप्पट केला तर?’ याचं उत्तर जेमतेम अडीच हर्ट्झचा फरक.