एका पाकिटाला खरा वेळ किती? चिवड्याच्या ऑर्डरवरून स्टँडर्ड टाइम

समजा तुमचा फराळाचा छोटा व्यवसाय आहे आणि एका कंपनीने दिवाळीसाठी २०० ग्रॅम चिवड्याची ४,००० पाकिटं मागितली आहेत. चिवडा तयार आहे, पॅकिंगला ३ दिवस आहेत. किती बायका लावायच्या आणि पाकिटामागे मजुरी किती धरायची? फोनवर "हो, होऊन जाईल" म्हणण्याआधी हे गणित करावं लागतं.

घड्याळ लगेच काढू नका. आधी मेथड स्टडी, म्हणजे काम कसं होतंय ते बघायचं. ताई वजन करते एका टेबलावर, सीलिंग मशीन दुसऱ्या भिंतीला कारण प्लगपॉइंट तिथे आहे. दर चार-पाच पाकिटांनी ती उठून तिकडे जाते, मग परत येऊन लेबल चिकटवते. एक्स्टेंशन बोर्ड लावून मशीन काट्याशेजारी आणा, रिकाम्या पाकिटांवर लेबलं आदल्या दिवशीच लावून ठेवा (तो वेळ वेगळा मोजायचा, तो फुकट नाही). आता भरणं, तोलणं, सील करणं एकाच जागी उभ्याने होतं. ही पद्धत हाताला बसली की मगच टाइम स्टडी करायचा. नाहीतर तुम्ही त्या फेऱ्यांचाच वेळ मोजून तोच 'स्टँडर्ड' म्हणून लिहून ठेवाल.

मोबाईलच्या स्टॉपवॉचवर १० पाकिटं मोजली, सेकंदात अशी आली: ४२, ४०, ४४, ४१, ४३, ७८, ४२, ३९, ४३, ४४.

ते ७८ कुठून आलं? त्या वेळी ताईला घरून फोन आला होता. तो पॅकिंगचा भाग नाही, म्हणून आकडा काढून टाकायचा. उरलेल्या ९ आकड्यांची बेरीज ३७८, सरासरी ४२ सेकंद. पण आकडा मोठा दिसला म्हणून काढला, असं करायचं नाही. दर २० पाकिटांनी परात रिकामी होते आणि डब्यातून भरायला ६० सेकंद लागतात. हे या १० पाकिटांत आलं नसेल, तरी कामाचाच भाग आहे. ६० भागिले २०, म्हणजे पाकिटामागे ३ सेकंद. एकूण ४५.

आता रेटिंग. सरावाची बाई दिवसभर टिकेल अशा गतीने काम करते, ती गती १००. आपली ताई चपळ आहे, तिला १२० दिलं. इथे बरेच जण उलटं करतात, ४५ ला १.२० ने भागतात! ताई जलद आहे, म्हणजे साधारण गतीच्या बाईला जास्त वेळ लागणार. म्हणून गुणायचं: ४५ × १.२० = ५४ सेकंद. हा नॉर्मल टाइम. रेटिंग शेवटी नजरेचा अंदाज असतो, म्हणून दोन-तीन जणींचं मोजून बघा. रेटिंग लावल्यावर उत्तरं जवळपास आली तर नजर ठीक आहे.

माणूस सलग आठ तास हात चालवू शकत नाही, म्हणून अलाउन्स. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्क स्टडीच्या तक्त्यात स्त्रियांसाठी वैयक्तिक गरजा ७ टक्के, मूळ थकवा ४ टक्के, उभं राहण्याचे ४ टक्के आहेत. मशीन तापायची वाट, पाकिटांचा गठ्ठा सोडणं अशा किरकोळ खोळंब्याला ५ टक्के धरू. झाले २०.

स्टँडर्ड टाइम = ५४ × १.२० = ६४.८ सेकंद

परीक्षेतल्या गणितात वाक्य नीट वाचा. अलाउन्स 'नॉर्मल टाइमच्या २० टक्के' असेल तर वरची रीत. 'शिफ्टच्या २० टक्के' असेल तर ५४ ÷ ०.८० = ६७.५ सेकंद.

जेवणाची सुट्टी सोडून ८ तास म्हणजे २८,८०० सेकंद. भागिले ६४.८, एका बाईची दिवसाला ४४४ पाकिटं. नुसते ४२ सेकंद धरले असते तर ६८५ आली असती, दोन बायकांत ३ दिवसांत ४,११० दिसली असती आणि तुम्ही होकार दिला असता. प्रत्यक्षात दोघींची होतात २,६६४. तिघींची ३,९९६, म्हणजे ४ कमीच. तेव्हा चौथी बाई अर्ध्या दिवसासाठी तरी सांगून ठेवा. रोज ५०० रुपये असेल तर पाकिटामागे मजुरी ७३ पैसे नाही, १ रुपया १३ पैसे. कोटेशनमध्ये हाच आकडा घाला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाकिटं मोजा. साधारण गतीच्या बाईची ४४४ च्या आसपास आली तर ठीक. ३८० च आली तर तिला घाई करायला सांगण्याआधी खोळंबे लिहून काढा: वीज किती वेळ गेली, पाकिटं संपली का, डबा लांब ठेवलाय का. आणि चिवड्याऐवजी चकली आली की हे ६४.८ विसरा, चकली मोडू न देता भरायला वेगळा वेळ लागतो, पुन्हा मोजायचं.