सभाकंपावर तालमीचा उपाय : विद्यार्थ्यांसाठी पाच फलक

१ ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती त्याच दिवशी येते. शिक्षक भाषण लिहून देतात, विद्यार्थी ते घरी घोकतो आणि आईला न अडखळता म्हणूनही दाखवितो. प्रत्यक्ष दिवशी मात्र अध्यक्ष, गुरुजन आणि बालमित्र यांना संबोधून झाले की तिसऱ्या-चौथ्या वाक्याशी तो थबकतो, छताकडे पाहतो आणि अर्ध्यावरच खाली उतरतो. पाठांतर कच्चे राहिले, असा निष्कर्ष मग काढला जातो. तो बहुधा चुकीचा असतो. पाठांतर पक्के असते. झालेली नसते ती तालीम.

या दोहोंतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. समोर अनेक डोळे आपल्याकडे लागलेले दिसताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य स्रवते. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात गार होतात. वक्त्याचे लक्ष विषयावरून उडून स्वतःच्या या लक्षणांकडे वळते. शब्दशः पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाच्या आधाराने आठवत असतो. त्यामुळे एक कडी निसटली की सारी साखळीच हातची जाते. घरी खाटेवर बसून केलेल्या पाठांतरात उभे राहणे नसते, परके चेहरे नसतात आणि ध्वनिक्षेपकही नसतो. ज्या परिस्थितीत बोलावयाचे तिचा सरावच झालेला नसतो.

विषयाचे ज्ञान असूनही वाचा बसते, याचे एक उदाहरण महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच नोंदविले आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. खटला दुसऱ्या वकिलाकडे देण्यास सांगून ते तेथून निघून गेले. कायद्याचे पुस्तकी ज्ञान त्या क्षणी त्यांच्या कामी आले नाही.

‘घाबरू नकोस’ हा उपदेश म्हणूनच निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी तालमीच्या पाच कृती पाच फलकांवर मांडता येतात. फलक पुठ्ठ्याचे करून वर्गात लावावेत किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकामागून एक सरकवावेत. तत्त्व एकच आहे. एका फलकावर एकच कृती, तीही दोन ओळींत, असावी. एक कृती साधल्यावाचून पुढचा फलक उघडू नये. पाचही सूचना एकदम दिल्या तर मूल त्या सूचनाच पाठ करीत बसते.

समजा, इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीस अण्णा भाऊ साठे यांच्यावर चार मिनिटे बोलावयाचे आहे आणि हाती आठ दिवस आहेत. तिच्या तयारीच्या आधारे हे फलक क्रमाने पाहू.

पहिला फलक : ‘पाच शब्द लिही. उभी राहून मोठ्याने बोल.’

लिहिलेले भाषण बाजूला ठेवून तिने एका लहानशा कागदावर पाचच शब्द लिहावेत : वाटेगाव, पायी मुंबई, गिरणी, कलापथक, फकिरा. वाटेगावावरून तिला १९२० मधील जन्म आठवेल, ‘कलापथक’ या शब्दावरून शाहिरी आठवेल, ‘फकिरा’ म्हणताच १९५९ ची कादंबरी आठवेल. शब्दशः पाठ करावयाची ती फक्त पहिली दोन व शेवटची दोन वाक्ये. मधला भाग दर वेळी थोड्या निराळ्या शब्दांत आला तरी चालेल. तसा तो आला तरच विषय समजला असे मानावे. हे भाषण तिने दररोज दोनदा, उभ्याने, मोठ्या आवाजात आणि घड्याळ लावून करावे. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. घरी चार मिनिटे लागत असतील तर मजकूर थोडा कमी करावा, कारण सभेत विराम अधिक घ्यावे लागतात. उलट चार मिनिटांचे भाषण अडीच मिनिटांत आटोपत असेल तर ती घाईने बोलत आहे, असे समजावे.

दुसरा फलक : ‘चार अंक श्वास आत, सहा अंक बाहेर. पाच वेळा.’

भीतीने श्वास उथळ व जलद होतो आणि वाक्य पुरे होण्याआधीच हवा संपते. आवाज थरथरण्याचे ते एक कारण आहे. श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांबविला की हृदयाची गती थोडी मंदावते. मनात चार अंक मोजीत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजीत हळूहळू सोडावा. प्रत्येक तालमीपूर्वी हेच करावे, म्हणजे समारंभाच्या दिवशी ते नवे वाटणार नाही. डोके हलके झाले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार खोल वा फार भराभर घेतला जात आहे. अशा वेळी थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. या कृतीने धडधड नाहीशी होत नाही, तिचा जोर तेवढा ओसरतो. बोलण्यास तेवढे पुरते.

तिसरा फलक : ‘आधी एक श्रोता, मग तीन, मग दहा. भीतीला गुण दे.’

पाचांमध्ये हा फलक मुख्य होय. पहिल्या दोन दिवसांनंतर तिने एका मैत्रिणीसमोर, नंतर तिघांसमोर, पुढे दहाजणांसमोर आणि शेवटी वर्गासमोर बोलावे. प्रत्येक वेळी भाषण संपताच भीतीला शून्य ते दहापैकी गुण द्यावेत. एकाच पायरीवर पुनःपुन्हा बोलल्याने भीती उतरत जाते. एका मैत्रिणीसमोर प्रथम सात गुण असतील, तर तिसऱ्या वेळी ते चारावर यावेत. मगच पुढच्या पायरीवर जावे. तीन-चार प्रयत्नांनंतरही गुण उतरत नसतील तर पायरी फार उंच झाली आहे. तेव्हा तीन श्रोत्यांऐवजी दोन करावेत. मात्र भीती चढली म्हणून भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसू देऊ नये. पळून गेल्यावर लगेच बरे वाटते आणि सुटकेचा मार्ग पळण्यातच आहे, हे मन शिकून बसते. चार वाक्ये कमी झाली तरी चालतील, पण शेवटचे वाक्य बोलूनच तिने खाली बसावे.

याच पायरीवर श्रोत्यांनाही कागद द्यावा. ‘वक्ता किती घाबरलेला दिसला?’ याचे गुण त्यांनी गुपचूप लिहावेत आणि शेवटी दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. स्वतःला आठ गुण देणाऱ्या मुलीला मैत्रिणींकडून तीन-चारच मिळाल्याचे अनेकदा आढळेल. केनेथ सॅव्हिट्स्की व टॉमस गिलोव्हिच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. आपली भीती श्रोत्यांना जितकी दिसते असे वक्त्यास वाटते, तितकी ती दिसत नाही. आणि ही गोष्ट आधी सांगितलेले वक्ते अधिक चांगले बोलले.

चौथा फलक : ‘मुद्दाम अडखळ. थांब, श्वास घे, मागचे वाक्य पुन्हा म्हण.’

विसरण्याची भीती विसरण्याचीच तालीम करून कमी होते. भाषण चालू असता मैत्रिणीने मध्येच टाळी वाजवावी. त्या क्षणी मुलीने थांबावे, एक श्वास घ्यावा, नुकतेच बोललेले वाक्य पुन्हा म्हणावे, कागदावरील पुढचा शब्द पाहावा आणि पुढे जावे. ‘गिरणी’पाशी टाळी पडली तर गिरणीतील कष्टांचे वाक्य पुन्हा उच्चारून ‘कलापथक’ या शब्दाकडे वळावे. एका भाषणात अशा तीन टाळ्या पुरेत. तीन सेकंदांचा विराम वक्त्यास मोठा वाटतो, परंतु श्रोत्यांना तो विचारपूर्वक घेतलेला वाटतो. क्षमा मागणे, जीभ चावणे, हसणे या सवयी याच तालमीत मोडाव्यात.

पाचवा फलक : ‘त्याच जागी, त्याच ध्वनिक्षेपकासमोर, पहिली दोन वाक्ये तीन वेळा.’

आदल्या दिवशी तिला प्रत्यक्ष व्यासपीठावर न्यावे. खुर्चीपासून ध्वनिक्षेपकापर्यंत चालणे, त्याची उंची जुळवून घेणे, तोंड त्यापासून साधारण वीतभर अंतरावर ठेवणे आणि पहिली दोन वाक्ये बोलणे, एवढेच तीन वेळा करावे. कर्ण्यातून परत येणारा स्वतःचा आवाज प्रथम ऐकताना भलेभले दचकतात. तो दचका आदल्या दिवशीच ओसरावा. बहुतेकांच्या बाबतीत भीती सुरुवातीस सर्वांत अधिक असते, म्हणून पहिली दोन वाक्येच येथे घोटावयाची.

या साऱ्याचे यश शिक्षकाच्या वागण्यावरही अवलंबून आहे. तालमीत उच्चाराची चूक मध्येच सुधारू नये. भाषण संपल्यावर एकच दुरुस्ती सांगावी आणि नेमकी सांगावी. ‘आवाज वाढव’ म्हणण्यापेक्षा ‘शेवटच्या बाकावरील मुलीला ऐकू जाईल असे बोल’ म्हणणे उपयुक्त ठरते. वर्गात हसणारे श्रोते असतील तर पायरीच बिघडते. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवरील श्रोते विद्यार्थिनीनेच निवडावेत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. जे मूल बोलताना शब्दांवर नेहमीच अडते, त्याचा प्रश्न सभाकंपाचा नसून वाणीचा असू शकतो. त्याला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावयास हवे. जे मूल घरी बोलते पण शाळेत कोणाशीच बोलत नाही, किंवा भाषणाच्या नुसत्या कल्पनेने शाळा बुडविते, त्याला फलक दाखवून व्यासपीठावर चढविणे योग्य नव्हे. तेथे पालकांशी व समुपदेशकाशी विचारविनिमय करावा. शिवाय तालमीने भीती समूळ जात नाही. १ ऑगस्टच्या सकाळी आपल्या विद्यार्थिनीची छाती धडधडेलच. फरक एवढाच की, ती धडधड तिने आठ दिवसांत अनेकदा अनुभवलेली असेल आणि तशा अवस्थेतही शेवटच्या वाक्यापर्यंत पोहोचता येते, हे तिला ठाऊक असेल.

ग्रामसभेत प्रथमच बोलावयास उभ्या राहणाऱ्या पंचायत सदस्यासही हाच क्रम लागू पडतो. पाणीपुरवठ्याचा प्रश्न मांडावयाचा असेल तर कागदावर पाच शब्द असावेत, घरी उभ्याने दोनदा बोलून पाहावे, मग शेजारच्या तिघांसमोर बोलावे आणि कोणी मध्येच आक्षेप घेतला तर मागचे वाक्य पुन्हा उच्चारून पुढच्या मुद्द्यावर जावे. व्यासपीठ वेगळे असले तरी तालमीची रीत तीच राहते.