चिठ्ठ्या टाकून केलेले गट आणि "पी" चा रकाना



कृतिसंशोधनाच्या अहवालात पहिला तक्ता येतो तो गटांच्या सुरुवातीच्या स्थितीचा. या तक्त्यात मी स्वतः एक चूक केली होती, आणि ती बऱ्याच अहवालांत दिसते. म्हणून आज त्याबद्दल.

चौथीच्या वर्गात ४० मुलं. भागाकार चिंचोक्यांचे गठ्ठे करून शिकवला तर फरक पडतो का, हे मला बघायचं होतं. आधी २५ गुणांची पूर्वचाचणी घेतली. मग ४० चिठ्ठ्या टाकून २०-२० चे दोन गट केले. गट अ ला चिंचोके, गट ब ला नेहमीची पद्धत. तक्ता असा झाला (आकडे समजायला सोपे केले आहेत):

| बाब | गट अ (२०) | गट ब (२०) |
|---|---|---|
| मुली | ११ (५५%) | ९ (४५%) |
| वय, वर्षे: सरासरी (प्रमाण विचलन) | ९.३ (०.४) | ९.२ (०.४) |
| पूर्वचाचणी गुण: सरासरी (प्रमाण विचलन) | १२.४ (४.१) | १०.१ (४.३) |
| बाहेर शिकवणी | ६ (३०%) | ३ (१५%) |
| मागच्या सत्रातील गैरहजेरी, दिवस: मध्यक (किमान–कमाल) | ४ (०–३१) | ५ (०–२७) |

यात तीन गोष्टी बघा. एक, सगळी माहिती चिठ्ठ्या टाकण्याआधीची आहे. दोन, भागाकाराच्या गुणांवर परिणाम करू शकतील अशाच बाबी घेतल्या आहेत. तीन, गैरहजेरीला सरासरी नाही, मध्यक दिला आहे. कारण एखादं मूल ३१ दिवस गैरहजर असलं की सरासरी फुगते आणि वर्गाचं खरं चित्र दिसत नाही.

माझ्या जुन्या तक्त्यात अजून एक रकाना होता, पी-मूल्याचा. पूर्वचाचणीच्या गुणांवर टी-चाचणी लावली. टी आलं १.७३, पी सुमारे ०.०९. ते ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून मी बिनधास्त लिहिलं, "दोन्ही गट समान आहेत." इथेच चुकलं.

त्या ०.०९ चा अर्थ काय? वाटणी निव्वळ योगायोगाने झाली असेल, तर एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता शंभरात साधारण नऊ. पण वाटणी योगायोगानेच झाली, हे मला माहीतच होतं. चिठ्ठ्या मीच टाकल्या होत्या! म्हणजे ज्याचं उत्तर हातात आहे तोच प्रश्न मी चाचणीला विचारला. वैद्यकीय प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्ट मार्गदर्शिकेच्या २०१० च्या स्पष्टीकरणातही अशा चाचण्या करू नयेत असंच म्हटलं आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे. हा फरक निकालाला धक्का देईल का? उत्तरचाचणीत गट अ ची सरासरी आली १७.०, गट ब ची १५.२. फरक १.८. मी खूश! पण गट अ मुळातच २.३ गुणांनी पुढे होता. एकाच गटातली मुलं पाहिली, तर पूर्वचाचणीत एक गुण जास्त असलेलं मूल उत्तरचाचणीत सरासरी ०.६ गुणांनी पुढे होतं. म्हणजे २.३ × ०.६ = सुमारे १.४ गुण तर आधीच्याच आघाडीचे. चिंचोक्यांच्या वाट्याला उरले जेमतेम ०.४. "सार्थक नाही" म्हणून सोडून दिलेल्या फरकाने माझा जवळजवळ सगळा निष्कर्ष खाल्ला होता.

उलटंही होतं. तक्त्यात वीस बाबी घेतल्या तर एखादीचा पी निव्वळ योगायोगाने ०.०५ च्या खाली जाणं अगदी साहजिक आहे. ती बाब निकालाशी संबंध नसलेली, समजा बुटाचा नंबर, असली तर उगाच घाबरायला होतं. गट लहान असले की मोठा फरकही चाचणीतून निसटतो, आणि हजारो मुलं असली की क्षुल्लक फरकही "सार्थक" ठरतो.

मग करायचं काय? पूर्वचाचणीचे गुण हिशोबात धरून तुलना करणार, हे प्रयोग सुरू होण्याआधीच वहीत लिहून ठेवा. तक्ता बघून ठरवू नका. वर्ग लहान असेल तर मुलं पूर्वचाचणीच्या गुणांनुसार क्रमाने लावा, शेजारच्या दोघांची जोडी करा आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवा. योगायोग तसाच राहतो, पण २.३ सारखी दरी सहसा पडत नाही.

पी चा रकाना एकाच शंकेसाठी कामाचा, ती म्हणजे वाटणी खरंच चिठ्ठ्यांनी झाली का. कोणी "माझ्या मुलाला त्या गटात घ्या" म्हटलं आणि आपण चिठ्ठी बदलली, तर गट योगायोगाचे राहत नाहीत. पण ते तपासण्यापेक्षा चिठ्ठ्या कोणी, कधी, कोणासमोर टाकल्या हे अहवालात दोन ओळींत लिहिलेलं बरं.

तुमच्या जुन्या अहवालातला पहिला तक्ता काढून बघा. पी चा रकाना झाका आणि फक्त पूर्वचाचणीच्या ओळीतले दोन आकडे वाचा.