उधारीच्या यादीतील नावे संगणकावर अकारविल्हे कशी लावावीत?

एका किराणा-मसाल्याच्या दुकानात घडलेला प्रकार सांगतो. मालकाने उधारीची जुनी वही बाजूला ठेवली आणि सर्व गिऱ्हाइकांची नावे, गाव व बाकी संगणकाच्या स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतली. नावे अकारविल्हे लावण्याचे बटणही दाबले. पुढे एक गिऱ्हाईक रक्कम भरायला आले, आडनाव काळे. नोकराने यादीत "कासार" शोधला, त्याखाली पाहिले, काळे सापडेना. त्याने खाली नवे नाव लिहून रक्कम जमा केली. जुन्या नावावर बाकी तशीच राहिली आणि महिनाअखेरीस ज्याने पैसे चुकते केले त्यालाच तगाद्याची चिठ्ठी गेली. गिऱ्हाईक दुखावले ते वेगळेच. काळे हे नाव यादीत होते, फक्त नोकराला शाळेत शिकवलेल्या जागी नव्हते. ते काशीद आणि कासार यांच्या आधी जाऊन बसले होते.

असे का होते, ते आधी समजून घेऊ. संगणक अक्षर ओळखत नाही, तो प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक ओळखतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोड पद्धतीत ल चा क्रमांक 2354, ळ चा 2355, व चा 2357, श चा 2358, स चा 2360 आणि ह चा 2361 आहे. म्हणजे ळ ला ल च्या शेजारी बसवले आहे. आपल्या मराठी वर्णमालेत मात्र ळ हा ह नंतर येतो. महाराष्ट्र शासनाने 2009 साली जाहीर केलेल्या वर्णमालेतही तो तेथेच आहे. क्ष आणि ज्ञ यांना तर युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकच नाही. क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे. त्यामुळे क्षीरसागर हे नाव क च्या घरात शेवटी, म्हणजे खान यांच्या आधी जाते, आणि ज्ञानेश्वर ज च्या घरात जातो. आपण दोघांनाही ह, ळ यांच्या नंतर शोधतो. क्ष ला क मध्ये ठेवण्याची रीतही काही ठिकाणी आहे व ती चूक म्हणता येणार नाही, पण दुकानातील माणूस शाळेतील क्रमानेच बोट फिरवतो. म्हणून येथे तोच क्रम धरला आहे.

कामाला लागण्यापूर्वी एक तपासणी करावी. नावे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नाहीतच, ती रोमन अक्षरे व खुणा आहेत. फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा घालतो. अशा यादीतील एक नाव निवडून त्याचा फॉन्ट Arial करून पाहा. मराठीच्या जागी रोमन खिचडी दिसली तर आधी यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी. तोवर कोणतीही युक्ती चालणार नाही.

आता दुसरी परीक्षा. एका कोऱ्या पानावर क्षीरसागर, हकीम, काळे, कासार ही चार नावे लिहा आणि लावून पाहा. कासार, काळे, हकीम, क्षीरसागर असा क्रम आला तर तुमच्या प्रोग्रामला मराठी क्रम येतो. LibreOffice Calc वापरणाऱ्यांनी Data → Sort मधील Options या पानावर भाषा मराठी निवडून ही परीक्षा घ्यावी. क्रम बरोबर आला तर पुढे सांगितलेली फक्त नावांची सफाई करावी, बाकी खटाटोप नको. एक्सेलच्या सॉर्टच्या चौकटीत मराठी निवडण्याची सोय नाही, आणि एकाच यादीचा क्रम दोन संगणकांवर वेगळा येऊ शकतो. म्हणून पुढील रीत अशी आहे की जी कोणत्याही संगणकावर एकच उत्तर देईल.

समजा A मध्ये क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये गाव आणि D मध्ये बाकी आहे. क्रमांकाचा रकाना नसेल तर आधी तो घाला व 1 पासून क्रमांक द्या. काही बिघडले तर याच रकान्यावर यादी लावून मूळ क्रम परत मिळतो. B मधील नावाला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक स्वतःचे नाव जसे लिहितो तसेच ते राहावे. बदल करायचा तो शेजारच्या मदतनीस रकान्यांत. E2 मध्ये पहिले सूत्र:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
SUBSTITUTE(B2,UNICHAR(2364),""),
UNICHAR(8205),""),UNICHAR(8204),""),"ऱ","र"))
```

हे सूत्र सफाईचे आहे. TRIM मुळे नावाच्या पुढची-मागची रिकामी जागा जाते. नावाआधी चुकून एक स्पेस पडली की ते नाव थेट यादीच्या माथ्यावर जाते. 8205 आणि 8204 ही न दिसणारी चिन्हे आहेत. कऱ्हाडे हे नाव काही कळफलकांवर अशा अदृश्य चिन्हाने टाइप होते, काहींवर ऱ या अक्षराने. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. आणि 2364 म्हणजे नुक्ता, अक्षराखालचा टिंब. हा आपल्या यादीत विशेष त्रास देतो. हिंदी-उर्दूची सवय असलेला टाइप करणारा ख़ान, क़ाज़ी असे नुक्ते देतो, मराठी शाळेत शिकलेला देत नाही. मग खतीब, ख़ान, खाटीक, खान असा क्रम लागतो आणि एकच आडनाव दोन ठिकाणी फुटते.

या नुक्त्याची आणखी एक गंमत आहे. काही ठिकाणी ख़ हे नुक्त्यासकट एकच अक्षर म्हणून साठवलेले असते, त्याचा क्रमांक 2393. वरील सूत्र त्याला काढू शकत नाही. अशी नावे यादी लावल्यावर सर्वांत शेवटी सापडतात. ती दिसली की E मध्ये सूत्राच्या जागी साधे "खान" असे हाताने लिहावे. अंसारी आणि अन्सारी यांचेही तसेच. पहिले अत्तार यांच्या वर जाते, दुसरे खाली. येथे अनुस्वार आधी ही रीत धरून E मध्ये सगळीकडे अंसारी लिहावे, म्हणजे त्या घरातील सर्व खाती एकत्र दिसतील व दोनदा लिहिलेले गिऱ्हाईक लगेच नजरेत भरेल.

F2 मध्ये दुसरे सूत्र:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(E2,
"ज्ञ","ह्ह्ह्ह"),"क्ष","ह्ह्ह"),"ळ","ह्ह")
```

हे पाहून हसू येईल, पण युक्ती साधी आहे. युनिकोडमध्ये हलन्ताचा क्रमांक 2381 असून तो सर्व मात्रांनंतर येतो. म्हणून ह्ह हे जोडाक्षर ह, हा, हि, हौ, ह्य, ह्व या सर्वांच्या मागे पडते. नावांत ते जवळपास कधीच येत नाही, म्हणून ती मोकळी जागा आपण ळ ला दिली. त्याच्या मागची क्ष ला, त्याच्याही मागची ज्ञ ला. F मध्ये काळे हे "काह्हे" असे विचित्र दिसेल. ते वाचण्यासाठी नाहीच.

आता G2 मध्ये शेवटचे सूत्र. ते लिहून नुसते एन्टर न दाबता Ctrl+Shift+Enter दाबावे:

```
="k"&TEXTJOIN("",TRUE,TEXT(UNICODE(
MID(F2&REPT(" ",40),ROW($A$1:$A$40),1)),"0000"))
```

हे सूत्र नावातील पहिल्या 40 चिन्हांचे प्रत्येकी चार आकडी क्रमांक सलग लिहिते. नाव छोटे असेल तर उरलेली जागा स्पेसच्या 0032 या क्रमांकाने भरते. पुढे k लावला आहे तो अशासाठी की प्रोग्रामने या लांब ओळीला संख्या समजू नये. TEXTJOIN हे एक्सेलमध्ये 2019 च्या आवृत्तीपासून आहे. त्याहून जुन्या एक्सेलमध्ये हे चालणार नाही, पण LibreOffice किंवा Google Sheets मध्ये तीच यादी उघडून काम होते.

आपल्या नावांवर हिशेब करून पाहू. कासार याची सुरुवात होते 2325 2366 2360 अशी, म्हणजे क, काना, स. काळे याची सुरुवात 2325 2366 2361 2381 2361 2375. पहिले दोन क्रमांक सारखे, तिसऱ्यात 2360 लहान आणि 2361 मोठा, म्हणून कासार आधी व काळे नंतर. काळसेकर आणि काळे यांत पहिले पाच क्रमांक सारखे. सहावा एकाचा 2360, दुसऱ्याचा 2375, म्हणून काळसेकर आधी. पूर्वी क्रम काझी, कादरी, काळसेकर, काळे, काशीद, कासार असा लागत होता. आता काझी, कादरी, काशीद, कासार, काळसेकर, काळे असा लागेल.

सूत्रे शेवटच्या नावापर्यंत खाली उतरवा. नंतर G हा रकाना कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून चिकटवा, म्हणजे सूत्रे जाऊन मजकूर राहील. मग A पासून G पर्यंत संपूर्ण यादी निवडून Data → Sort मध्ये G वर लावा. E व F झाकून ठेवता येतात. नवी नावे आली किंवा E मध्ये दुरुस्ती केली की G चे सूत्र त्या ओळींत पुन्हा घालावे लागते. म्हणून ते कोठेतरी लिहून ठेवा.

येथे सर्वांत मोठा धोका आहे. फक्त एकच रकाना निवडून सॉर्ट केले तर तो रकाना हलतो व शेजारचे जागेवरच राहतात. एका गिऱ्हाइकाचे नाव दुसऱ्याच्या बाकीपुढे जाते. एक्सेल अशा वेळी विचारतो; तेव्हा Expand the selection हाच पर्याय घ्यावा. पुष्कळजण बाकीची एकूण बेरीज जुळली की निश्चिंत होतात. पण रकाने सरकले तरी बेरीज तीच राहते, ती काहीच सिद्ध करत नाही. लावण्यापूर्वी पाच गिऱ्हाइकांची नावे, गाव व बाकी कागदावर लिहून घ्यावी आणि नंतर ती पाचही ताडून पाहावी. एक जरी चुकले तरी लगेच Ctrl+Z दाबून परत यावे.

राहिला शेख आणि हाजी यांचा प्रश्न. आपल्या बाजारात शेख, पठाण ही आडनावे इतकी आहेत की आडनाव आधी लिहिले तर निम्मी यादी एकाच घरात जमा होते. तेथे आडनावानंतर स्वतःचे नाव व मग वडिलांचे नाव याच क्रमाने सर्वांची नोंद हवी. हाजी, मौलाना, डॉक्टर ही बिरुदे नावाआधी लिहिली तर सर्व हाजी ह मध्ये गोळा होतात. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि चिठ्ठी छापताना तो नावापुढे जोडून घ्यावा.