खोली सुटते, फॉर्म मागे राहतो

औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी नोव्हेंबर २०१५ मध्ये स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला पुण्यात आलो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, वरच्या मजल्यावर, सहा जणांत कॉट बेसिसवर राहिलो. पुढच्या साडेतीन वर्षांत तीन खोल्या झाल्या आणि फॉर्म किती भरले त्याची मोजदाद नाही. ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ हा रकाना मी दर वेळी दोन मिनिटांत भरून टाकायचो. त्या दोन मिनिटांनी जे शिकवलं ते असं.

१. फॉर्म भरताना खोलीचं वय आणि भरतीचं वय शेजारी ठेवून पाहावं.

आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. कॉट बेसिसवर तर तोही नसतो; महिना भरला की मुलगा मोकळा. भरती मात्र जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंत दीड-दोन वर्षं सहज चालते. मी फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राच्या एका खात्याच्या लिपिकपदाचा फॉर्म भरला, तेव्हा पत्ता सदाशिव पेठेतला दिला. मे २०१७ मध्ये ती खोली सोडली, पाच महिने शनिवार पेठेत काढले आणि ऑक्टोबरात नवी पेठेत गेलो. लेखी परीक्षा, टायपिंगची चाचणी, निकाल, सगळं ऑनलाइन कळत होतं. हॉलतिकीटही आपणच उतरवून घ्यायचं. त्यामुळे पत्ता जुना झाला, हे जवळजवळ वर्षभर मला जाणवलंच नाही.

कागद पोस्टाने येतो तो शेवटी, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो. २३ एप्रिल २०१८ ला मूळ कागदपत्रांसह हजर राहा, असं खात्याचं पत्र स्पीड पोस्टने निघालं आणि सहा तारखेला वाड्यात पोचलं. मालकीणकाकूंच्या सुनेने नाव वाचलं आणि पोस्टमनला सांगितलं, “हे आता इथे राहत नाहीत.” तिचं काहीच चुकलं नाही. तिने मला कधी पाहिलंही नव्हतं. पोस्टमनने पाकिटावर शेरा मारला आणि पत्र आलं तसं परत गेलं.

१९ तारखेला रात्री यादीतल्याच एका मित्राचा फोन आला, “तू कुठल्या गाडीने निघतोयस?” तेव्हा मला पत्र निघाल्याचं कळलं. सकाळी खात्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी रोल नंबर विचारला, परत आलेल्या पाकिटांत माझं पाकीट शोधलं आणि म्हणाल्या, “ओळखपत्र आणि मूळ कागद घेऊन या, पत्र इथेच देते.” जातीचा दाखला गावी होता. वडील तो घेऊन रात्रीच्या गाडीने पुण्याला आले. मी वेळेवर पोचलो, पण वडिलांनी ती रात्र बसच्या दांड्याला धरून उभ्याने काढली, हे मी विसरलेलो नाही.

२. घरी कायम कोणी असेल तर दोन्ही रकान्यांत गावचाच पत्ता द्यावा.

आपण शहरात आहोत, गावात पत्र उशिरा पोचेल, असं वाटतं. दोन-चार दिवस जास्त लागतातही. पण आमच्या गावचा पोस्टमन वडिलांना, आजोबांना नावाने ओळखतो. पाकीट घरी नाही तर शेतात आणून देतो. घरच्यांना मात्र एक पक्कं सांगून ठेवावं: सरकारी पाकीट आलं की त्याच दिवशी फोडायचं आणि मला फोन करायचा. नाहीतर पाकीट देवळीत जपून ठेवलेलं असतं आणि आपल्याला दिवाळीत मिळतं.

३. खोलीचा पत्ता द्यायचाच असेल तर मालकाला विचारून द्यावा आणि ‘द्वारा’ लिहावा.

पेठेतल्या पोस्टमनला मालकाचं नाव ठाऊक असतं, मुलांची नसतात. मुलं दर जूनला बदलतात. म्हणून आपल्या नावाखाली ‘द्वारा’ आणि मालकाचं नाव, मग घर क्रमांक, वाड्याचं किंवा सोसायटीचं नाव, मजला, जवळची ठळक खूण, पेठ आणि पिनकोड. रकान्यात अक्षरं मोजून मिळाली तर खूण गाळावी. मालकाचं नाव आणि पिन गाळू नये. काही मालक आपला पत्ता कुठल्याही कागदावर येऊ देत नाहीत. ते आधीच कळलेलं बरं.

४. कायमचा पत्ता कागदपत्रांवर आहे तोच.

ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘दोन्ही पत्ते एकच’ असा चौकोन असतो. घाईत तिथे टिचकी पडली की पेठेतली खोली कायमचा पत्ता होऊन बसते. या रकान्याला कधी अर्थ येईल सांगता येत नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे एमपीएससीने राज्यसेवा पूर्वपरीक्षेसाठी पुणे केंद्र घेतलेल्यांना केंद्र बदलायची मुभा दिली, तेव्हा आधी पाहिलं ते हेच, की उमेदवाराचा कायमचा पत्ता पुणे विभागाबाहेरचा आहे का.

५. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये खोल्या लपवू नयेत.

निवड झाल्यावर साक्षांकनाचा फॉर्म येतो. केंद्राच्या नमुन्यात विचारतात, गेल्या पाच वर्षांत सलग एक वर्षाहून जास्त कुठे कुठे राहिलात, कधीपासून कधीपर्यंत. मी भाबडेपणाने फक्त गावच लिहिलं. चौकशीला आलेल्या हवालदारांना शेजारच्या काकांनी कौतुकाने सांगितलं, “पोरगं तर तीन वर्षं पुण्याला असतं.” माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, हे त्याच फॉर्मच्या वर छापलेलं असतं. मला बोलावून लेखी खुलासा घेतला. सदाशिव पेठेतला मुक्काम अठरा महिन्यांचा, म्हणजे तो लिहायलाच हवा होता. शनिवार पेठेतले पाच महिने त्या नमुन्यात बसत नव्हते, आणि नवी पेठेतल्या मुक्कामाला तेव्हा वर्ष व्हायचं होतं.

खुलाशाला पुरावा काय जोडायचा? करार नव्हता. अभ्यासिकेच्या मासिक फीच्या पावत्या एका मित्राच्या ट्रंकेत सापडल्या, त्या जोडल्या. मेसची कार्डं मी फेकून दिली होती. तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक मुक्कामाचा पूर्ण पत्ता, मालकाचं नाव आणि राहायला आल्याची व सोडल्याची तारीख लिहून ठेवतो.

६. खोली सोडायच्या आठवड्यात तीन कामं करावीत.

भरलेल्या पण निकाल बाकी असलेल्या प्रत्येक फॉर्मची यादी काढून त्या-त्या कार्यालयाला नोंदणी क्रमांकासह नवा पत्ता लेखी कळवावा. संकेतस्थळावरच्या प्रोफाइलमध्ये पत्ता बदलला म्हणजे आधी भरलेल्या अर्जातही बदलला, असं बहुतेक ठिकाणी होत नाही. दुसरं, त्या भागात टपाल वाटणाऱ्या पोस्टात अर्ज द्यावा: नाव, जुना पत्ता, नवा पत्ता, सही. टपाल नव्या पत्त्यावर वळवायची सोय पोस्टात आहे, पण ती काही काळापुरती असते. तिसरं, आपल्या कॉटवर येणाऱ्या मुलाला आपला फोन नंबर द्यावा.

नवी पेठेतली खोली सोडताना मी ही तिन्ही कामं केली. पोस्टमनकाकांना जिन्यात गाठून सांगितलं तेव्हा त्यांनी पिशवीतून वही काढली आणि माझं नाव लिहून घेतलं. त्या पानावर माझ्याआधी आणखी चार मुलांची नावं होती. तीन महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या मुलाचा फोन आला, “दादा, तुमचं एक पाकीट आलंय, काकांनी माझ्याकडे ठेवलंय.”