शून्य बाकी म्हणजे बंद कार्ड नव्हे

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे सगळे बिल भरले. आता कार्ड कापून टाकले तर पुरे ना?

उत्तर : नाही. कार्ड कापले तरी खाते चालूच राहते आणि वार्षिक शुल्क त्यावर लागू शकते. शिवाय ‘सगळे बिल’ बहुधा सगळे नसते. समजा, 30,000 रुपयांची थकबाकी बिलानंतर वीस दिवसांनी फेडली. दरमहा साडेतीन टक्क्यांनी त्या दिवसांचे सुमारे 700 रुपये व्याज, त्यावर जीएसटी, हे पुढच्या बिलात उमटते. म्हणून आधी पॉइंट्स वापरा, कारण ते वापरण्यावरही काही बँका शुल्क लावतात आणि तेही बिलात येते. ओटीटी, विम्याचे आपोआप जाणारे हप्ते थांबवा. मग बँकेकडून आजची नेमकी देय रक्कम विचारून ती भरा आणि बंद करण्याची विनंती ईमेलने करा.

फोनवर सांगितले तर चालत नाही का? चालते, पण पुरावा हातात राहत नाही आणि पुढची सगळी भिस्त तारखेवर आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार, बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवे. उशीर झाल्यास दररोज 500 रुपये ग्राहकाला देय होतात. जास्त भरलेली रक्कमही खात्यात परत यायला हवी. ‘विनंती मिळाली’ एवढ्या संदेशावर थांबू नका. खाते बंद, येणे काही नाही, असे पत्र आग्रहाने मागा आणि दोनेक महिन्यांनी सिबिल अहवालात ‘बंद’ व शून्य बाकी दिसते का, ते पाहा.