बाबेल : एका नावाचा खेळ आणि पांगलेल्या भाषा

आजचा शास्त्रभाग : उत्पत्ती ११:१-९



आजची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये इतक्या वेळा ऐकली आहे की वचन उघडायच्या आधीच डोळ्यासमोर कोसळणारा बुरूज येतो. पण नऊ वचनं नीट वाचा. बुरूज कोसळल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. आठव्या वचनात फक्त एवढंच आहे की लोकांनी नगर बांधायचं सोडून दिलं. पडझड नाही, वीज नाही, आग नाही. जी काही मोडतोड आहे ती शब्दांची आहे, म्हणून आज आपण शब्दच बघू.

सुरुवात तिसऱ्या वचनापासून करू. तिथे लेखक एक गोष्ट मुद्दाम समजावून सांगतो : त्यांनी दगडाऐवजी वीट वापरली आणि चुन्याऐवजी डांबर. हे सांगायची गरज का पडली? कारण वाचणारे इस्राएली लोक खडकाळ प्रदेशातले होते. आपल्या धाराशिवच्या माणसाला हे लगेच कळेल. नळदुर्गचा किल्ला बघा, सगळा काळा दगड. आपल्याकडे जरा खणलं की दगड लागतो. शिनार म्हणजे दोन नद्यांच्या गाळाची सपाट जमीन, तिथे दगड मिळत नाही. म्हणून माती मळायची, विटा भाजायच्या आणि जमिनीतून पाझरणाऱ्या डांबराने त्या जोडायच्या. बाबेलच्या प्राचीन भिंतींत आजही भाजक्या विटा आणि डांबर सापडतं. म्हणजे लेखकाला त्या शहराची चांगली माहिती होती.

आता शब्दांचा खेळ. हिब्रूत वीट म्हणजे ‘लेबेना’. लोक म्हणतात, चला, विटा करू : ‘निल्बेना’. सातव्या वचनात देव म्हणतो, चला, त्यांची भाषा घोटाळून टाकू : ‘नाबेला’. (उच्चारात ते ‘नावेला’ असं होतं, पण लिहायचं अक्षर ‘ब’चंच.) विटेची व्यंजनं ल-ब-न. घोटाळ्याच्या त्या शब्दाची न-ब-ल. तीच तीन अक्षरं, उलट क्रमाने. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे स्ट्रिंग उलटी केलेली दिसली की डोळा तिथे अडकतोच. पण हिब्रू ऐकणाऱ्यांच्या कानालाही हे जाणवत असणार. माणसं वीट वीट रचत जातात आणि देव तेच शब्द उलटे वाचतो. ‘चला’ हा शब्दही माणसं दोनदा म्हणतात, मग देव एकदा म्हणतो. त्यांचाच शब्द त्यांच्याकडे परत येतो.

शेवटचा खेळ नवव्या वचनात आहे, आणि तो नावावर आहे. नगराचं नाव बाबेल पडलं, कारण तिथे परमेश्वराने भाषेचा ‘बालाल’ केला. तिथल्या लोकांनी मात्र आपल्या शहराचं नाव असं कधीच सांगितलं नसतं. त्यांच्या अक्कादी भाषेत ते ‘बाब-इली’, म्हणजे देवाचं दार. तिथे जो प्रचंड पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा होता त्याचं नाव एतेमेनान्की, म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी यांच्या पायाचं घर. त्याच्या पायाची एक बाजू सुमारे ९१ मीटर होती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात नबुखद्नेस्सराने यहूदी लोकांना बंदी करून नेलं, तेव्हा त्यांनी हा मनोरा डोळ्यांनी पाहिला असेल. ज्यांचं मंदिर जाळलं गेलं होतं, ते लोक हे वचन वाचताना गालात हसले असतील. तुम्ही म्हणता देवाचं दार? आमच्या भाषेत त्याचा अर्थ घोटाळा!

म्हणजे भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘बाबेल’ हा शब्द ‘बालाल’पासून आलेला नाही. काही जणांना हे ऐकून धक्का बसतो, बायबल चुकलं का असं वाटतं. मला तसं वाटत नाही. लेखक शब्दकोश लिहीत नाही, तो टोमणा मारतोय. आपल्याकडेही एखाद्या नावाची फोड करून त्या माणसाची फिरकी घेतात. तेव्हा कोणी व्युत्पत्ती तपासत बसत नाही. (आणि हो, इंग्रजीतला ‘बॅबल’, म्हणजे बडबड, हा शब्दही बाबेलवरून आलेला नाही. तो नुसता आवाजाचा योगायोग.)

‘बालाल’चा मूळ अर्थ मला फार आवडतो. लेवीय २ मध्ये अन्नार्पणाचं पीठ तेलात मळतात, तिथे हाच शब्द आहे. तो स्वयंपाकघरातला शब्द आहे! मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ येतं ते ‘कालवणं’. भात-आमटी कालवतो, तसं. आणि बघा, आपल्याकडेही त्याच शब्दातून ‘कालवाकालव’ झालं : पोटात, मनात, सगळं ढवळून निघणं. देवाने भाषा फोडली नाही, कालवली.

आता अडचण भाषांतर करणाऱ्यांची. खेळ हिब्रूत आहे, दुसऱ्या भाषेत तो उतरवायचा कसा? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहूद्यांनी उत्पत्तीचं ग्रीक भाषांतर केलं. त्यांनी इथे नगराचं नावच बदललं. दहाव्या अध्यायात निम्रोदाच्या राज्याच्या यादीत ते ‘बॅबिलॉन’ लिहितात, पण ११:९ मध्ये ते लिहितात ‘सिंखिसिस’, म्हणजे गोंधळ. अर्थ वाचला, पण हे तेच शहर आहे हे वाचकाला कळेनासं झालं. मराठी भाषांतरं उलट वाट धरतात : नाव ‘बाबेल’ तसंच ठेवतात आणि अर्थ कंसात किंवा तळटीपेत देतात. शहर ओळखू येतं, टोमणा मात्र समजावून सांगावा लागतो. समजावलेल्या विनोदाला कोणी हसत नाही, पण दोन्हीपैकी एक निवडायचं असेल तर मीही नावच ठेवलं असतं.

या अर्थासाठी मराठीत सहज येणारा शब्द ‘गोंधळ’, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाच्या कानाला तो दुहेरी ऐकू येतो. तुळजापूर आपल्याच जिल्ह्यात. संबळ आणि तुणतुण्यावर रात्रभर चालणारा गोंधळ, लग्नानंतर घातला जाणारा गोंधळ, त्यात गोंधळी ठिकठिकाणच्या दैवतांना नावं घेऊन बोलावतात. म्हणजे आपल्या मराठीत एकच शब्द अव्यवस्थेलाही आहे आणि माणसं एकत्र जमवणाऱ्या विधीलाही. हिब्रूत असं काही नाही, हा अर्थ वचनात घुसडायचा नाही. पण गावाकडे मोठ्याने वाचन करताना ‘गोंधळ’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यासमोर काय येईल, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

मग भाषा पांगल्या, याचा अर्थ काय? शिक्षा, एवढंच आपण शिकतो. पण चौथं वचन बघा. लोक नगर का बांधतात? दोन कारणं : आपलं नाव व्हावं, आणि आपण पृथ्वीभर पांगू नये. आता मागे ९:१ वर जा. जलप्रलयानंतर देवाने नोहाला काय सांगितलं होतं? पृथ्वी भरून टाका. म्हणजे ज्याची त्यांना भीती वाटते, तीच देवाची आज्ञा आहे. आठव्या वचनात ते पांगतात तेव्हा जिथे जायला हवं होतं तिथेच जातात. दहाव्या अध्यायात तर राष्ट्रं आपापल्या भाषांप्रमाणे आधीच मोजलेली आहेत, आणि तिथे दोषाचा एक शब्दही नाही.

पहिल्या वचनातली ‘एक भाषा’ हिब्रूत शब्दशः ‘एक ओठ’ आहे. अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन आपल्या शिलालेखात बढाई मारतो की वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना आणून त्याने नव्या राजधानीत वसवलं आणि त्यांचं ‘एक तोंड’ केलं. एक तोंड म्हणजे एक हुकूम. इसवी सनापूर्वी ७०५ मध्ये तो लढाईत मेला आणि ती राजधानी मागे पडली. हे वाचल्यावर मला शिनारमधली एकी तितकीशी गोड वाटत नाही. विटा कोण भाजत होतं आणि नाव कोणाचं होणार होतं?

आपल्या जिल्ह्याला हे ठाऊक आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. घरात मराठी, उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर लमाणी, मोहल्ल्यात दखनी. पण सरकारचं कामकाज उर्दूत. उर्दूचा यात काही दोष नाही, ती आपल्या कितीतरी शेजाऱ्यांच्या प्रार्थनेची आणि कवितेची भाषा आहे. अडचण कोणत्याही भाषेची नसते. कचेरीत आपलं म्हणणं आपल्या भाषेत मांडता येत नाही, ही असते. मग १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य भाषांप्रमाणे तीन वाटांनी गेलं : तेलुगू, कन्नड, मराठी. नकाशावर ते पांगणंच होतं. शेतकऱ्याला मात्र आपला कागद वाचता येऊ लागला. अर्थात सीमेवर कोणाची तरी भाषा चुकीच्या बाजूला राहिलीच, ते दुखणं अजून आहे. पांगण्याची किंमत असते, बायबलही ती लपवत नाही.

आता प्रेषितांची कृत्ये २ उघडा. पेंटेकॉस्टच्या दिवशी बाबेल ‘उलटला’ असं आपण नेहमी ऐकतो. पण तिथे सगळे एका भाषेत बोलू लागले असं लिहिलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकलं. यादीत मेसोपोटेमियाचे रहिवासीही आहेत, म्हणजे शिनारवाले! आणि सहाव्या वचनात लोकसमुदाय ‘गोंधळून गेला’. लूकने तिथे वापरलेलं ग्रीक क्रियापद तेच आहे, ज्यापासून ‘सिंखिसिस’ हे नाव झालं. बाबेलमध्ये लोक गोंधळले कारण एकमेकांचं कळेना. इथे गोंधळले कारण कळलं.

पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं याच कामात घातली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं. आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत इंग्रजी संगतीला जातात, तिथली गाणी छान असतात, मीही गातो. पण आजचा भाग एकदा मराठीत मोठ्याने वाचा, आणि शक्य असेल तर गावी फोन करून आजीला वाचून दाखवा. ती कोणत्या शब्दाला थांबवून ‘म्हंजे काय रं?’ विचारते ते लिहून ठेवा.

उद्याचा शास्त्रभाग : उत्पत्ती ११:१०-३२. लगेच पुढे शेमची वंशावळ सुरू होते. हिब्रूत ‘शेम’ म्हणजे नाव. नगरवाल्यांना हवं होतं ते नाव कोणाला मिळतं, ते १२:२ मध्ये बघू.